कपाटाचे दार : सरकते की बिजागरीचे?

गेल्या दोन-तीन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे लग्नघरांतली आहेत. ईदनंतर निकाह, मुलगा आखातातून महिन्याभराच्या रजेवर येणार, आणि त्याआधी त्याची खोली तयार व्हायला हवी. रत्नागिरीच्या एका भगिनीने खोलीचे मापच लिहून पाठवले आहे. फ्लॅटमधली बेडरूम १० फूट बाय ९ फूट. पलंग आणि कपाट दोन्ही नवीन करायचे आहेत. मिस्त्री म्हणतात, "खोली लहान आहे, स्लायडिंगच करा." अम्मींचे म्हणणे, कपाट उघडले की सगळे एका नजरेत दिसले पाहिजे. पैसा एकदाच खर्च होणार, आणि एकदा बसवलेले कपाट पुढची पंधरा-वीस वर्षे तिथून हलणार नाही. म्हणून हा प्रश्न आम्ही याच खोलीच्या मापावर सोडवून पाहतो.

९ फुटांच्या एका भिंतीला ६ फूट रुंद कपाट लावू. बिजागरीच्या कपाटाची खोली दारासकट २४ इंच धरायची. पलंग ५ फूट रुंद, समोरच्या भिंतीला टेकवलेला, उशाकडची बाजू १० फुटांच्या भिंतीला. खोलीची लांबी १२० इंच. त्यातून कपाटाचे २४ आणि पलंगाचे ६० वजा केले की पलंग आणि कपाट यांच्यामध्ये ३६ इंच, म्हणजे ३ फूट जमीन उरते. सगळा निर्णय या ३ फुटांवर आहे.

दार उघडताना किती जागा अडते, हे कपाटाच्या आकारावर ठरत नाही, एका पल्ल्याच्या रुंदीवर ठरते. ६ फुटांच्या कपाटाला दोन-दोन फुटांचे तीन पल्ले केले तर प्रत्येक पल्ला उघडताना २ फूट बाहेर येतो. तेच कपाट दीड-दीड फुटाच्या चार पल्ल्यांचे केले तर दार फक्त १८ इंच बाहेर येते. आपल्या जुन्या चिऱ्याच्या घरांतली फडताळे आठवा. त्यांना हातभर रुंदीचे दोन छोटे पल्ले असत. अरुंद माजघरातही ती कधी कुणाच्या वाटेत आली नाहीत. "बिजागरीचे दार जागा खाते" ही तक्रार बहुतेक वेळा रुंद पल्ल्याची असते.

या खोलीत १८ इंचांचा पल्ला पूर्ण उघडला तरी पलंगापर्यंत १८ इंच मोकळे राहतात. उघडलेल्या कप्प्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला तर पूर्ण ३६ इंच मिळतात, कारण दार त्याच्या बाजूला असते, पाठीमागे नाही. पलंगाच्या पलीकडे चादर खोचायला १ फूट जागा सोडली, तर मधली जागा २४ इंच होते. तरीही दार पलंगाला लागत नाही, पण वाकताना पाठ गादीला टेकते.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दार कसलेही असो, खालच्या कप्प्यातले काढायला माणसाला वाकावे लागते, आणि ड्रॉवर ओढला की तो दीड फूट बाहेर येतोच. त्यासाठी समोर साधारण अडीच फूट जागा लागते. स्लायडिंग दार ही जागा वाचवत नाही. ते फक्त पल्ल्याची फेरी वाचवते.

त्या बदल्यात ते कपाटाच्या आतून जागा घेते. स्लायडिंगचे दोन पल्ले एकामागे एक धावतात. दोन्हींची जाडी आणि मधली फट मिळून साडेतीन इंच तरी जातात. २४ इंच खोलीच्या कपाटात बिजागरीचे दार असेल तर आत सुमारे २३ इंच मिळतात, स्लायडिंगमध्ये २० च्या आसपास. हँगर १७-१८ इंचांचा असतो, पण त्यावर शेरवानी किंवा कोट टांगला की बाह्यांसकट २१-२२ इंच होतात. मग बाही दाराला घासते आणि दार सरकताना तिला ओढते. म्हणून स्लायडिंग करायचे तर कपाट २७ इंच खोल करावे लागते. म्हणजे मधली ३६ इंचांची जागा ३३ होते, आणि ती कायमची. जमीन वाचवायला केलेले दार ६ फूट लांबीभर ३ इंच जमीन घेऊन बसते.

दुसरी अडचण म्हणजे स्लायडिंग कपाट एका वेळी अर्धेच उघडते. ६ फुटांपैकी जेमतेम ३ फूट. जपानी घरांत बिछाने ठेवायची सरकत्या दारांची कपाटे असतात. तिथे ते जमते, कारण ती कपाटे चांगली खोल असतात आणि आत घडी केलेल्या गाद्या, रजया एवढेच असते. नवरा-बायकोचे रोजचे कपडे मात्र एका बाजूला त्याचे, एका बाजूला तिचे असे असतात. सकाळच्या घाईत दोघांनाही एकाच वेळी आपली बाजू हवी असते, आणि स्लायडिंगमध्ये एकाला थांबावे लागते.

मग स्लायडिंग कुणी करावे? आमच्या मते एकच प्रश्न विचारा : कपाटासमोर कायम काय राहणार आहे? मधली जागा २० इंचांहून कमी असेल, किंवा पुढे तिथे बाळाचा पाळणा किंवा शिलाई मशीन येणार असेल, तर बिजागरीचा पल्ला रोज अडेल. तिथे स्लायडिंगच बरे. सुट्टीत मुंबईहून पाहुणे आले की खाली गादी पडते. ३ फुटी गादी ही मधली जागा पूर्ण भरते. फजरला उठलेल्या माणसाला कपडे काढायचे असतील तर स्लायडिंग कुणाला न उठवता उघडते. मात्र हे वर्षातून पंधरा-वीस दिवस होत असेल, तर तेवढ्यासाठी बाकीच्या दिवसांची गैरसोय घेऊ नये. त्या दिवसांत लागणारे कपडे रात्रीच बाहेर काढून ठेवता येतात. जानमाज साधारण सव्वादोन फूट रुंद असते. ती ३६ इंचांतही बसते आणि ३३ इंचांतही, त्यामुळे तिच्यासाठी दार बदलायची गरज नाही.

आता आपल्या हवेचे. रत्नागिरीत पावसाळ्यात ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि समुद्राची खारी हवा बारा महिने असते. अशा हवेत उंच दार वाकते. बिजागरीचे दार वाकले की खालचा किंवा वरचा कोपरा बाहेर राहतो. दिसायला वाईट, पण कपाट चालते. स्लायडिंगचा पल्ला वाकला की तो दुसऱ्या पल्ल्याला घासतो, लॅमिनेटवर आडवा ओरखडा उमटतो आणि दार जड होते. दोन्ही प्रकारांत उपाय एकच : दाराला आतून आणि बाहेरून, दोन्हीकडे लॅमिनेट लावून घ्या. पैसे वाचवायला आत नुसता रंग मारला तर एक बाजू ओल पिते, दुसरी पीत नाही, आणि फळी धनुष्यासारखी होते. भुशाच्या दाबलेल्या बोर्डापेक्षा आयएस ७१० छापाचा मरीन प्लाय घ्या.

स्लायडिंगचे वजनही लक्षात घ्या. दीड फूट बाय सात फुटांचा बिजागरीचा पल्ला बारा-तेरा किलोचा होतो. त्याला चार बिजागऱ्या हव्यात, तीनवर तो काही वर्षांत खाली झुकतो. स्लायडिंगचा ३ फुटी पल्ला याच्या दुप्पट, आणि त्यावर पूर्ण उंचीचा आरसा लावला तर चाळीस-पंचेचाळीस किलो. हे सगळे वजन खालच्या दोन चाकांवर असते. म्हणून चाके किती किलोंची आहेत हे पाकिटावर वाचून घ्या, नुसते "हेवी आहे" यावर जाऊ नका. खालच्या पट्टीत केस, धूळ, बुरशीची भुकटी साचते. दार सरकताना खडखडू लागले किंवा एका जागी उडी मारू लागले, तर आधी जुन्या टूथब्रशने पट्टी साफ करा. तेल घालू नका, तेलात धूळ चिकटून आणखी घट्ट होते.

बुरशीच्या बाबतीत बिजागरीचे दार उजवे ठरते. पावसाने उघडीप दिली की चारही पल्ले उघडून पंखा लावला, तासाभरात आतला दमट वास जातो. स्लायडिंगमध्ये अर्धे-अर्धे करून दोनदा वारा द्यावा लागतो, आणि मधला भाग, जिथे पल्ले एकमेकांवर येतात, तिथे वारा कमीच पोचतो. कपाट कोणतेही असो, पावसाचा मारा घेणाऱ्या बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका. दुसरी जागाच नसेल तर मागे दोन इंच फट ठेवा.

या १० बाय ९ च्या खोलीसाठी आमचे मत स्पष्ट आहे : पलंग भिंतीला टेकवा, आणि २४ इंच खोल, दीड-दीड फुटाच्या चार पल्ल्यांचे बिजागरीचे कपाट करा. पलंगाच्या त्या बाजूला मात्र ड्रॉवर ठेवू नका, नाहीतर ते आणि कपाटाचे दार एकमेकांसमोर येतील. पलंगाखालची जागा वापरायची असेल तर वरून उचलायची फळी करा.

मिस्त्रींना सांगण्याआधी एक संध्याकाळ खोलीत खडू घेऊन जा. जमिनीवर कपाटाची आणि पलंगाची रेघ मारा. पल्ल्याच्या रुंदीची दोरी कापून तिचे एक टोक बिजागरीच्या जागी दाबा आणि दुसऱ्या टोकाने दाराची फेरी आखा. खोलीचे मुख्य दार उघडून ते या फेरीत येते का, तेही पाहा. मग दोन रेघांच्या मध्ये उभे राहून खाली वाका. जे रोज हे कपाट वापरणार आहेत त्यांनाही वाकून पाहायला सांगा.

शेवटी आतल्या ड्रॉवरची एक गोष्ट लिहूनच द्या. बिजागरीच्या कपाटात ड्रॉवर बिजागरीच्या बाजूने दीड-दोन इंच आत घ्यायला सांगा, नाहीतर अर्धवट उघडलेल्या दाराला तो अडतो. आणि स्लायडिंगच करायचे ठरले, तर ड्रॉवर पूर्णपणे एकाच पल्ल्याच्या मागे बसला पाहिजे. तो मधोमध आला तर कुठलाही पल्ला सरकवा, ड्रॉवर बाहेर येत नाही. कपाट बसल्यावर हे दुरुस्त करायचे म्हणजे आतला सगळा सांगाडा पुन्हा खोलावा लागतो.