विश्लेषण : परदेशी फराळाची ‘शेवटची तारीख’ नेमकी कशाची असते?

दिवाळी जवळ आली की पुण्या-मुंबईपासून सांगली-कोल्हापूरपर्यंत कुरिअरच्या दुकानांवर पाट्या लागतात : ‘अमेरिकेसाठी फराळ बुकिंगची शेवटची तारीख…’ यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. त्या पाटीवरची तारीख पाळली म्हणजे खोके लक्ष्मीपूजनाच्या आधी लेकीच्या दारात पोहोचणार, असे घरोघरी गृहीत धरले जाते. पाटीने मात्र तसे वचन दिलेले नसते.

ही तारीख उलटी मोजून काढलेली असते. विमानाचा प्रवास, दोन्हीकडची वर्गवारी, परदेशातील वाटप एवढे दिवस सणाच्या तारखेतून वजा केले जातात. तिकडच्या सीमाशुल्क विभागाने खोके उघडले, तर त्याला लागणारे दिवस या हिशेबात नसतात आणि कुरिअरवाल्याच्या हातातही नसतात. पावतीमागच्या बारीक अक्षरांत तसे लिहिलेलेही असते. मग हे मोठ्या अक्षरांतल्या पाटीवर का नको? ‘बुकिंगची शेवटची तारीख’ आणि ‘तपासणी झाली तरी पोहोचेल अशी तारीख’ अशा दोन तारखा लावणे काही अवघड नाही. तोवर ग्राहकाने पाटीवरच्या तारखेतून स्वतःच आठवडाभर वजा करावा, हे बरे.

गेल्या वर्षी काय झाले होते?

अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला शुल्क लागत नसे. ही सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्वच देशांसाठी बंद झाली. शुल्क कोणी आणि कसे गोळा करायचे, हेच स्पष्ट नसल्याने विमान कंपन्या टपालाचा माल घेईनात. भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेचे बुकिंग थांबवले. आधी पत्रे आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू वगळल्या होत्या, नंतर त्याही थांबल्या. सेवा पूर्ववत झाली १५ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन होते २१ ऑक्टोबरला. टपालावर विसंबलेल्यांची ती दिवाळी हुकली.

सेवा सुरू झाली तेव्हा पद्धतही बदलली. पूर्वी शुल्क लागलेच तर ते घेणारा भरायचा. आता टपालाने पाठवताना ते इथेच, बुकिंगच्या खिडकीवर भरावे लागते. अमेरिकी शुल्काचे दर वारंवार बदलत आले आहेत. त्यामुळे मागच्या वर्षीच्या पावतीवरून अंदाज न बांधता बुकिंगच्या दिवशीचा दर विचारणे भाग आहे.

१०० डॉलरची मर्यादा कशी मोजतात?

भेटीची सवलत मात्र टिकून आहे. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली, १०० डॉलरपर्यंतची खरी भेट शुल्कमुक्त असते. ही मर्यादा घेणाऱ्या एका व्यक्तीला एका दिवसासाठी असते, आणि घोटाळा होतो तो इथेच.

समजा, साताऱ्याहून न्यू जर्सीला खोके निघाले. त्यात साडेतीन हजारांचा फराळ आणि लेकीसाठी सात हजारांची साडी आहे. एकूण साडेदहा हजार रुपये. डॉलर ९० रुपये धरला, तरी हे ११६ डॉलरच्या वर जाते. वरच्या १६ डॉलरवरच शुल्क लागेल, असा समज असतो. पण मर्यादा ओलांडली की सवलतच जाते आणि पूर्ण किमतीवर आकारणी होते. साडीची किंमत दोन हजार लिहून टाकणे हा अनेकांचा उपाय. तो खोटा तर आहेच, शिवाय खोके अडकवणाराही आहे, कारण जरीची साडी उघडून पाहणाऱ्याला तिची किंमत कळते.

सरळ मार्ग नियमातच आहे. साडी लेकीसाठी आणि फराळ जावयासाठी असेल, तर दोन्ही वेगवेगळे गुंडाळावे, प्रत्येकावर ज्याचे त्याचे नाव आणि किंमत लिहावी, आणि जाहीरनाम्यात एकाच खोक्यात दोघांच्या भेटी असल्याचे नोंदवावे. मग प्रत्येकाची १०० डॉलरची मर्यादा वेगळी धरली जाते. काउंटरवरचा माणूस घाईत सगळे एका ओळीत लिहू पाहतो, त्याला थांबवावे लागते.

ही ओळच बहुतेक विलंबाचे मूळ असते. ‘फूड आयटम्स’ किंवा ‘दिवाळी गिफ्ट’ एवढ्यावरून तिकडच्या अधिकाऱ्याला काहीच समजत नाही. ‘तांदूळ व बेसनाची तळलेली चकली, ५०० ग्रॅम’ असे इंग्रजीत लिहिले, तर समजते. उटणे ही तर बिननावाची तपकिरी पूड! त्यावर घटक लिहिलेले नसतील, तर तपासणी झालीच म्हणून समजा.

घरच्या चकलीला एक वेगळा फायदाही आहे. अमेरिकेत येणाऱ्या खाद्यपदार्थांची तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला आगाऊ सूचना द्यावी लागते. स्वतःच्या घरी करून स्वतःच भेट म्हणून पाठवलेल्या पदार्थाला त्यातून सूट आहे. विकतचा फराळ या सुटीत बसत नाही. तेव्हा दुकानातून परस्पर फराळ पाठवताना ही सूचना कोण भरणार, हे आधी विचारावे.

काय ठेवू नये?

पेढे, बर्फी, खव्याच्या करंज्या. भारतात जनावरांना लाळ्या-खुरकूत रोग होतो, म्हणून ऑस्ट्रेलिया दुधाच्या पदार्थांबाबत फार कडक आहे. ब्रिटनही आपल्याकडून टपालाने आलेले दुधाचे पदार्थ घेत नाही. असे पदार्थ परत येत नाहीत, तिथेच नष्ट होतात. कधी त्यांच्यापायी सगळे खोके रखडते. दुसरी वस्तू पूजेच्या साहित्यातली कापराची डबी. कापूर ज्वालाग्राही असल्याने विमानाच्या टपालात चालत नाही. तो एक्स-रेमध्ये सापडला, तर खोके देशाबाहेर जाण्याआधीच परत फिरते. अत्तर आणि पॉवर बँक यांचेही तेच.

ओल्या नारळाचे लाडू कोणत्याही कायद्यात अडकले नाहीत, तरी आठवड्याच्या उशिरात खराब होतात. चिवडा टिकतो, पण तो जागा खातो. कुरिअर कंपन्या बहुधा लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि येणारे वजन प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल, तर त्याचेच पैसे घेतात. ४० बाय ३० बाय ३० चे खोके काट्यावर पाच किलो भरले, तरी आकारणी ७.२ किलोची होते. चिवड्याच्या पिशव्यांतली हवा काढून लहान खोके घेतले, तर हा फरक बराच कमी होतो.

खोके अमेरिकेत पोहोचले, पण पुढे सरकत नसेल, तर टपालाचा क्रमांक तिथल्या टपाल सेवेच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. Inbound Into Customs एवढेच दिसत राहिले, तर ते तपासणीत आहे आणि इथल्या पोस्टात खेटे घालून उपयोग नाही. घेणाऱ्याचा चालू मोबाइल क्रमांक आणि ईमेल जाहीरनाम्यावर असेल, तर कागद मागवायला तिकडून त्याच्याशी संपर्क होऊ शकतो.

यंदा भाऊबीज ११ नोव्हेंबरला, बुधवारी आहे. त्या दिवशी अमेरिकेत ‘व्हेटरन्स डे’ची सुटी असते आणि तिथले टपाल खाते नेहमीचे वाटप करत नाही. बहिणीने टपालाने पाठवलेले खोके मंगळवारपर्यंत पोहोचले नाही, तर ते भावाच्या हाती गुरुवारीच पडेल.