ताप उतरला, कारण राहिले

ताप हा स्वतः रोग नसून शरीरात चाललेल्या एखाद्या प्रक्रियेचे ते केवळ चिन्ह असते. बहुतेक ताप आठवड्याभरात आपले कारण दाखवितात किंवा आपोआप निघून जातात. काही ताप मात्र आठवड्यांमागून आठवडे रेंगाळतात आणि नेहमीच्या तपासण्यांना दाद देत नाहीत. 1961 साली पीटर्सडॉर्फ आणि बीसन या दोन अमेरिकन वैद्यांनी अशा तापाची व्याख्या केली. शरीराचे तापमान अनेकदा 101 अंश फॅरनहाइटच्या वर जाणे, हे तीन आठवड्यांहून अधिक काळ चालणे आणि रुग्णालयात आठवडाभर तपासूनही कारण न सापडणे, असे तिचे तीन भाग होते. आता आठवडाभर रुग्णालयात राहण्याची अट उरलेली नाही. बाह्यरुग्ण म्हणून झालेली योग्य तपासणीही त्यासाठी पुरेशी मानली जाते.

अशा तापामागे प्रामुख्याने तीन प्रकारची कारणे असतात. पहिले जंतुसंसर्ग, त्यात आपल्याकडे क्षयरोग अग्रभागी आहे. दुसरे दाहजन्य विकार, म्हणजे शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटणे. तिसरे कर्करोग, आणि त्यात विशेषतः लसिकाग्रंथींचा कर्करोग, म्हणजेच लिम्फोमा. यांखेरीज एखाद्या औषधामुळेही ताप येऊ शकतो. अडचण अशी की, तिन्ही प्रकारांत लक्षणे सारखीच दिसतात. संध्याकाळी चढणारा ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन आणि मंदावलेली भूक एवढ्यावरून निदान होत नाही.

उदाहरणादाखल सांगलीच्या बाजारपेठेतील एका हळदव्यापाऱ्याचा प्रवास पाहावा. वय 52, मधुमेह नाही, व्यसन नाही. पाच आठवडे रोज सायंकाळी ताप 102 पर्यंत जाई, आणि पहाटे अंगावरचा सदरा घामाने भिजून बदलावा लागे. वजन 72 किलोवरून 64 वर आले होते. पहिल्या आठवड्यातच एका विडाल तपासणीच्या आधारे टायफॉइडचे निदान झाले आणि प्रतिजैविकांचे दोन कोर्स देण्यात आले. वस्तुतः आपल्या भागात पूर्वी कधीतरी झालेल्या संसर्गामुळे वा लसीमुळेही ही तपासणी सकारात्मक येऊ शकते. एकट्या विडालवर विसंबणे धोक्याचे असते. पुढे कोणीतरी पुडीत बांधून दिलेल्या गोळ्यांनी ताप चार दिवस पूर्ण उतरला. घरात समाधान पसरले. पाचव्या दिवशी ताप परत आला.

मोठ्या रुग्णालयातील वैद्यांनी तपासण्यांची यादी करण्याआधी तासभर प्रश्नच विचारले. त्या पुडीतील एक गोळी स्टेरॉइडची होती, हे त्यातूनच कळले. स्टेरॉइडने ताप दबतो, कारण जात नाही. क्षयरोग असल्यास तो आतल्या आत पसरतो, आणि लिम्फोमा असल्यास त्याच्या गाठी तात्पुरत्या आकसून निदानाचा पुरावाच पुसट होतो. म्हणून ती गोळी थांबवून तीन आठवड्यांनंतरच ऊतकाचा नमुना घेण्याचे ठरले. आणखी एक गोष्ट पुढे आली. हे गृहस्थ दर रविवारी पांजरपोळात सेवेला जात आणि गाभण गायींच्या प्रसूतीच्या वेळीही मदत करीत. जनावरांच्या संसर्गातून किंवा न तापविलेल्या दुधातून माणसाला ब्रुसेलोसिस होतो, आणि त्याचा ताप असाच रेंगाळतो. ही माहिती विचारल्याखेरीज कोणी सांगत नाही.

मग पहिली पायरी सुरू झाली. दिवसातून चार वेळा तापमान मोजून रोजमेळासारखी नोंद ठेवण्यात आली. प्रतिजैविके थांबवून काही दिवसांनी, दोन्ही हातांतून वेगवेगळ्या वेळी रक्त घेऊन तीन ब्लड कल्चर झाली. प्रतिजैविक चालू असताना हा नमुना घेतला, तर हृदयाच्या झडपेवर जंतू असूनही कल्चर निर्जंतुक येऊ शकते. मलेरिया, लघवी, एचआयव्ही, ब्रुसेलोसिस, संधिवाताशी संबंधित प्रतिपिंडे आणि छातीचा एक्स-रे यांत काही आढळले नाही. हृदयाच्या इकोमध्ये झडपा निर्दोष होत्या. मात्र ईएसआर 96 होता आणि हिमोग्लोबिन 10 वर उतरले होते. शरीरात खरोखर काही चालले आहे, एवढेच त्यावरून कळले. काय चालले आहे, ते नव्हे.

दुसऱ्या पायरीवर सीटी स्कॅनमध्ये पोटात महाधमनीभोवती आणि छातीत काही वाढलेल्या लसिकाग्रंथी दिसल्या. आता तिन्ही प्रकारांतील एकेक संशयित समोर उभा राहिला: क्षयरोग, सारकॉइडोसिस हा दाहजन्य विकार आणि लिम्फोमा. घरातील वडीलधाऱ्यांनी सुचविले, “बहुधा टीबीच असणार, औषधे सुरू करून पाहावीत.” वैद्यांचे उत्तर स्पष्ट होते: “औषध लागू पडले नाही, तर दोन महिने गेल्यावर कळेल. तेवढ्या काळात दुसरा रोग वाढलेला असेल.” रुग्णाची प्रकृती वेगाने ढासळत असेल, तर असा प्रायोगिक उपचार कधी कधी करावाच लागतो, येथे तशी घाई नव्हती.

तिसरी पायरी पेट-सीटीची. या तपासणीत साखरेसारखा किरणोत्सारी पदार्थ शिरेतून देतात. अधिक साखर ओढणाऱ्या पेशी चित्रात उजळून दिसतात. त्याआधी सुमारे सहा तास उपाशी राहावे लागते, साधे पाणी मात्र चालते; नंतर तो पदार्थ निघून जाण्यासाठी भरपूर पाणी प्यावे लागते. चौविहार पाळणाऱ्यांनी म्हणून सकाळची वेळ मागून घ्यावी. ही तपासणी रोगाचे नाव सांगत नाही, कारण क्षयरोग, सारकॉइडोसिस आणि लिम्फोमा तिन्ही सारखेच उजळतात. तिचा खरा उपयोग नमुना कोठून घ्यावा हे कळण्यात आहे. या रुग्णाच्या डाव्या गळपट्टीच्या हाडामागे, बोटाला न लागणारी एक लहान ग्रंथी उजळली होती. पोट उघडण्याची गरज उरली नाही.

स्थानिक भूल देऊन ती ग्रंथी अखंड काढण्यात आली. सुईने थोड्या पेशी ओढून लिम्फोमाचे निदान बहुधा पक्के होत नाही, कारण त्यासाठी ग्रंथीची संपूर्ण रचना पाहावी लागते. काढलेल्या ग्रंथीचे दोन भाग केले गेले. एक फॉर्मालिनमध्ये सूक्ष्मदर्शक तपासणीसाठी गेला. दुसरा सलाइनमध्ये क्षयरोगाच्या सीबीनॅट आणि कल्चरसाठी. संपूर्ण ग्रंथी फॉर्मालिनमध्ये बुडविली, तर क्षयाचे जंतू मरतात आणि कल्चर निरर्थक ठरते. ही चूक अनेकदा घडते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी नातलगांनी त्याबद्दल विचारलेले बरे.

सीबीनॅट नकारात्मक आले. सूक्ष्मदर्शकाखाली रीड-स्टर्नबर्ग पेशी दिसल्या आणि विशेष रंजनाने त्यांची खात्री पटली. निदान हॉजकिन लिम्फोमाचे होते. दर पंधरवड्याला चार औषधांची केमोथेरपी सुरू झाली आणि पहिल्याच फेरीनंतर ताप थांबला. दोन महिन्यांनी पुन्हा पेट-सीटी झाली, तेव्हा उजळलेल्या जागा विझल्या होत्या. उपचार मात्र ठरल्याप्रमाणे सहा महिने पूर्ण करण्यात आले. क्षयाच्या कल्चरचा निकाल सहा आठवड्यांनी आला. त्यातही जंतू नव्हते.

प्रत्येक शोधाचा शेवट असा होत नाही. सर्व पायऱ्या चढूनही काही रुग्णांत कारण सापडत नाही. त्यांपैकी बहुतेकांचा ताप कालांतराने आपोआप जातो, परंतु दरम्यान त्यांची पुन्हा पुन्हा तपासणी करावी लागते, कारण आज नसलेली गाठ महिन्याने हाताला लागू शकते. तीन आठवडे ताप टिकला, तर वैद्यांकडे जाताना तीन गोष्टी सोबत असाव्यात: तापमानाची नोंद, घेतलेल्या प्रत्येक गोळीचे वेष्टन आणि जुने सर्व अहवाल. वेष्टन नसलेली पुडी असेल, तर तीही न्यावी.