आजाऱ्याकडे पाहा, मग कागदाकडे

एका भगिनीने पत्रातून विचारले आहे: “माझ्या सासऱ्यांचे वय ७० आहे. दाढ सुजली म्हणून त्यांना क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक आठ दिवस दिले होते. ते संपल्यावर पाचव्या दिवशी पाण्यासारखे जुलाब सुरू झाले, दिवसाला सात-आठ. शौच तपासले, तर ‘टॉक्सिन पॉझिटिव्ह’ असा निकाल आला. दहा दिवसांच्या औषधाने जुलाब थांबले, शौचही बांधून होऊ लागले. खात्री करावी म्हणून पुन्हा तपासणी केली, तर पुन्हा पॉझिटिव्ह! आता औषध परत सुरू करायचे का? नातवाला त्यांच्याजवळ जाऊ द्यावे की नाही?”

ताई, सासऱ्यांना आता जुलाब नाहीत ना? मग या दुसऱ्या निकालाने घाबरू नका. नुसत्या त्या कागदावरून औषध पुन्हा देत नाहीत.

हा जंतू क्लॉस्ट्रिडिओइडीस डिफिसिल या नावाचा. १९३५ साली तो प्रथम सापडला तो तान्ह्या, निरोगी बाळांच्या शौचात! अँटिबायोटिकनंतर होणाऱ्या आतड्याच्या दाहाचे कारण याच जंतूचे विष आहे, हे १९७८ साली उमगले. अँटिबायोटिकने आतड्यातले उपकारक जंतू मेले, की याला मोकळे रान मिळते. तो विष सोडतो आणि आतड्याचे अस्तर दुखावून जुलाब लागतात. म्हणजे जंतू असणे वेगळे आणि रोग असणे वेगळे.

म्हणूनच या तपासणीत बहुधा दोन गोष्टी पाहतात. ‘जीडीएच’ सांगते की जंतू हजर आहे. ‘टॉक्सिन’ सांगते की तो विष सोडतो आहे. दोन्ही निगेटिव्ह असतील, तर हा रोग नसावा असे समजतात. पहिले पॉझिटिव्ह आणि दुसरे निगेटिव्ह असेल, तर जंतू नुसता बिऱ्हाडकरू असू शकतो. तेव्हा डॉक्टर आणखी एक तपासणी करून, रोग्याची स्थिती पाहून ठरवतात. दोन्ही पॉझिटिव्ह आणि शिवाय दिवसातून तीन किंवा अधिक पातळ जुलाब, असे असेल तर रोग आहे. तुमच्या सासऱ्यांचा पहिला निकाल असा होता. म्हणून औषध दिले ते योग्यच झाले.

दुसरी तपासणी मात्र करायलाच नको होती. बांधलेले शौच या तपासणीला पाठवू नये, कारण बरे झाल्यावरही कित्येक आठवडे निकाल पॉझिटिव्ह येऊ शकतो.

लक्ष ठेवायचे ते शौचावर. हा रोग काही जणांना उलटतो, बहुधा दोन महिन्यांच्या आत. पुन्हा दिवसाला तीन-चार पातळ जुलाब झाले, तर डॉक्टरांना कळवा. जुलाब थांबवणारी गोळी आपल्या मनाने देऊ नका. ताप आला, पोट फुगले किंवा रक्त पडले, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

नातवाला आजोबांपाशी खुशाल खेळू द्या. मात्र शौचानंतर आणि जेवणापूर्वी सर्वांनीच साबण-पाण्याने हात चोळून धुवावेत. या जंतूचे बीज हात चोळायच्या स्पिरिटने मरत नाही. ते धुऊनच काढावे लागते.