r चा n वा घात आणि आमची वसई

परवा विरारहून भाची आली होती. कॉलेजची वही घेऊन बसली आणि म्हणाली, "मामा, एवढा तक्ता पाठ केला की झालं ना?" वहीत पाच ओळी होत्या. r एकापेक्षा मोठा असेल तर r^n अनंताकडे जातो. r बरोबर एक असेल तर एकच राहतो. r उणे एक आणि एक यांच्या मध्ये असेल तर शून्याकडे जातो. r उणे एक असेल तर एक, उणे एक असा हेलकावत राहतो. आणि r उणे एकापेक्षाही खाली असेल तर हेलकावतोही आणि वाढतोही.

तक्ता बरोबर होता. पण "पाठ केला की झालं" हे काही मला पटेना. दोन दिवस डोक्यात तेच घोळत होतं, म्हणून इथे लिहून टाकतो. माझं म्हणणं असं की या पाच ओळींपेक्षा त्यांच्या आधी विचारायचा एक प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, आणि तो आपल्याला कुणी शिकवतच नाही. प्रश्न शेवटी सांगतो. आधी ओळी बघू.

पहिली सोपी गोष्ट मोरीतली. आमच्याकडे टँकरचं पाणी नवं नाही, त्यामुळे कपडे खळबळायला पाणी किती लागतं याचा हिशोब घरोघरी असतो. समजा पिळल्यावर कपड्यांत अर्धा लिटर साबणाचं पाणी उरतं. त्यात साडेचार लिटर स्वच्छ पाणी घातलं, नीट कालवलं आणि पुन्हा अर्धा लिटर उरेपर्यंत पिळलं. पाच लिटरपैकी अर्धा लिटर राहिलं, म्हणजे साबण एक दशांश राहिला. इथे r झाला १/१०. तीनदा केलं की साबण उरला हजारावा भाग, आणि पाणी लागलं साडेतेरा लिटर. आता तेच साडेतेरा लिटर एकदम ओतून एकदाच पिळलं तर? चौदा लिटरमधलं अर्धा लिटर, म्हणजे साबण अठ्ठाविसावा भाग उरला. पाणी तेवढंच, पण एकीकडे हजारावा भाग आणि दुसरीकडे अठ्ठाविसावा. माझी आई हे कुठलंही गणित न शिकता करायची. बादली एकदम ओतलेली तिला चालत नसे.

यात एक बारकावा आहे. साबण शून्य कधीच होत नाही, शून्याकडे *जातो*. तुम्ही म्हणाल तितका कमी करून देता येतो, एवढाच त्याचा अर्थ.

आता खरी गंमत एकाच्या आसपास आहे. ०.९९ आणि १.०१ हे दोन आकडे शेजारी ठेवा. दहा वेळा गुणल्यावर पहिल्याचे होतात सुमारे ०.९० आणि दुसऱ्याचे १.१०. कुणी म्हणेल, काय फरक पडतो, दोन्ही एकच तर आहेत. शंभर वेळा गुणल्यावर ०.३७ आणि २.७०. हजार वेळा गुणल्यावर पहिला एकाच्या वीस हजाराव्या भागाहूनही खाली गेलेला असतो आणि दुसरा जवळजवळ एकवीस हजारांवर पोचलेला असतो. म्हणजे पहिल्या दहा पायऱ्या बघून कुणी निकाल लावला तर तो हमखास फसणार.

भाचीने विचारलं, "पण १.०१ खरंच कितीही मोठा होतो कशावरून? कुठेतरी थांबत असेल तर?" प्रश्न चांगला होता. उत्तर असं: प्रत्येक पायरीला वाढ असते हातातल्या आकड्याच्या एक शतांश. हातातला आकडा एकाच्या खाली कधीच जात नाही, म्हणून प्रत्येक पायरीला निदान ०.०१ तरी पडतातच. शंभर पायऱ्यांत निदान एक, हजारांत निदान दहा, लाखात निदान हजार. तुम्ही कितीही मोठा आकडा सांगा, त्याच्या वर जायला किती पायऱ्या पुरतील ते मी सांगू शकतो. आणि ०.९९ चं काय? १ ला ०.९९ ने भागलं तर उत्तर १.०१ पेक्षा किंचित जास्त येतं. तो व्यस्त आकडा कितीही वाढतो, म्हणून मूळ आकडा कितीही आटतो. झालं. एका ओळीतून दुसरी निघाली, पाठ करायला दोन नव्हत्याच.

उणे आकड्यांना मुलं घाबरतात, कारण "उणे पटीने वाढणं" डोळ्यांसमोर येत नाही. त्यासाठी आमच्या पश्चिमेच्या वाडीत या. समजा कोथिंबिरीच्या जुडीला नेहमीपेक्षा दहा रुपये जास्त भाव आला. बघून सगळ्यांनीच कोथिंबीर लावली. पुढच्या खेपेला बाजारात ढीग, भाव नेहमीपेक्षा आठ रुपये खाली. मग निम्म्यांनी सोडून दिली, त्यामुळे त्यापुढच्या खेपेला भाव ६.४० वर. इथे r आहे उणे ०.८. दर खेपेला बाजू बदलते पण हेलकावा लहान होत जातो आणि भाव स्थिरावतो. r उणे १.२ असता तर १० नंतर उणे १२, मग १४.४०, असं बिघडतच गेलं असतं.

आणि बरोबर उणे एक? दहा वर, दहा खाली, दहा वर, दहा खाली, कायमचं. याची सरासरी काढली तर शून्याला चिकटून येते आणि कागदावर सगळं आलबेल दिसतं. पण वाडीवाल्याचं घर सरासरीवर चालत नाही. ज्या खेपेला भाव खाली, त्याच खेपेला मुलाची फी भरायची असली तर? म्हणून पुस्तक जेव्हा म्हणतं की "इथे सीमा अस्तित्वात नाही", तेव्हा ती नुसती तांत्रिक नोंद नसते. सम पायऱ्यांवर एक उत्तर आणि विषम पायऱ्यांवर दुसरं, त्यामुळे "शेवटी काय होतं" याला एकच उत्तर नाही, असं ते सांगत असतं.

आता राहिली पहिली ओळ, r एकापेक्षा मोठा. इथेच माझी खरी तक्रार आहे.

आमच्याकडे सोसायटीच्या मीटिंगपासून लोकलच्या डब्यापर्यंत एक वाक्य ठरलेलं: "वसई-विरारची लोकसंख्या पटीत वाढतेय." २०११ नंतर जनगणना वेळेवर झालीच नाही. त्यामुळे जो तो जुना आकडा घेतो, मनातल्या पटीने गुणतो आणि हवा तो आकडा सांगतो. वर "गणिती श्रेणी नाही हो, भूमिती श्रेणी!" असंही ऐकवतो.

खुद्द वसई-विरारची पट काढणं अवघड आहे. महानगरपालिका २००९ साली झाली, चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं मिळून. २०११ ला तिची लोकसंख्या सुमारे १२ लाख २२ हजार भरली. पण तिच्याशी २००१ ची फक्त नगरपरिषदांची बेरीज लावली तर r फुगलेला येणार, कारण मधे हद्दच वाढली. ती माणसं जन्मली किंवा आली असं नाही, त्यातली बरीच फक्त मोजणीत आली.

म्हणून जिल्हा घेऊ. पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला, त्याआधी आपण ठाण्यात होतो. या एकत्रित ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ साली ५२ लाख ४९ हजार, २००१ साली ८१ लाख ३२ हजार आणि २०११ साली १ कोटी १० लाख ६० हजार. आता भागाकार करा. पहिल्या दशकाची पट १.५५ आणि दुसऱ्या दशकाची १.३६. पट तीच राहिली नाही, उतरली. आणि वजाबाकी करा. पहिल्या दशकात भर पडली २८ लाख ८३ हजारांची, दुसऱ्यात २९ लाख २८ हजारांची. जवळजवळ सारखी! म्हणजे ज्या वीस वर्षांत आपण डोळ्यांनी "भूमिती श्रेणी" बघत होतो, त्या वर्षांचे आकडे गणिती श्रेणीच्या जास्त जवळ आहेत.

हा शब्दच्छल नाही. १९९१ पासून १.५५ चीच पट धरून चाललो तर २०३१ साली या दोन जिल्ह्यांत मिळून तीन कोटी माणसं होतात. २०११ पासून १.३६ धरली तर दोन कोटी पाच लाख. दशकाला २९ लाखांची भर धरली तर एक कोटी एकोणसत्तर लाख. पहिल्या आणि शेवटच्या उत्तरात एक कोटी तेहेतीस लाखांचा फरक आहे. माणशी दिवसाला १३५ लिटर हा शहरी पाण्याचा मापदंड लावला तर हा फरक दिवसाला सुमारे १८० कोटी लिटरचा होतो. एका उत्तरावर योजना आखली आणि दुसरं खरं ठरलं, तर एक तर न लागणारी धरणं आणि पाइपलाइन, नाहीतर पुन्हा आपला टँकर.

यातलं कुठलं उत्तर बरोबर, ते मी सांगणार नाही. तीन आकड्यांतून दोनच पटी मिळतात आणि दोन पटींवरून भविष्य सांगणं हाही उतावीळपणाच. माणसं येतात ती घरांच्या किमती, गाड्या आणि नोकऱ्या बघून, आणि त्या बदलल्या की पट बदलते.

तर आता तो राहिलेला प्रश्न. r सगळ्या पायऱ्यांवर तोच आहे का? पाच ओळींचा तो तक्ता फक्त याचं उत्तर "हो" असेल तरच लागू पडतो. कपड्यांच्या बाबतीतही हे आहे: पहिल्या दोन-तीन पाण्यांत साबण दशांश होतो, पण धाग्यांना चिकटलेला साबण तितक्या सहज सुटत नाही, मग r वर सरकतो. तपासायची रीतही सोपी आहे. लागोपाठच्या आकड्यांचे भागाकार काढा. ते सारखे आले तर तक्ता उघडा. वजाबाक्या सारख्या आल्या तर तक्ता मिटून ठेवा. दोन्ही सारखं नसेल तर गप्प बसा :)

भाचीने वहीत पाच ओळींच्या वर हा प्रश्न लिहून घेतला. परीक्षेत त्याला मार्क नाहीत, हे तिने मला लगेच सुनावलं. असो. पण पुढच्या मीटिंगमध्ये कुणी "पटीत वाढतेय" म्हणालं की मी विचारणार आहे: किती पट, किती वेळा मोजली, आणि मधे हद्द बदलली होती का?