दारूने जंतू मरत नाहीत, फुप्फुसांवरचा पहारा उठतो

4 मे 2020 रोजी टाळेबंदी शिथिल होताच बेंगळुरूत दारूच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. फुप्फुसांवर हल्ला करणारी साथ पसरत होती. मद्यामुळे प्रतिकारशक्ती दुबळी होते, म्हणून त्याची उपलब्धता मर्यादित ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने तीनच आठवड्यांपूर्वी बजावले होते. आपल्याकडे मात्र चर्चा रंगली ती महसुलाची आणि रांगेतील अंतराची.

त्याच सुमारास एक भ्रामक युक्तिवादही फिरत होता: सॅनिटायझरमधील अल्कोहोल जंतू मारते, तर प्यायलेले का मारणार नाही? हातावरील जंतू मारण्यासाठी किमान 60 टक्के अल्कोहोल लागते. रक्तात त्याचे प्रमाण 0.3 टक्के झाले, तरी माणूस बेशुद्धीच्या उंबरठ्यावर पोहोचतो. म्हणजे जंतूंना काहीच होत नाही, इजा होते ती शरीराच्या संरक्षणाला.

ही इजा टप्प्याटप्प्याने होते. नशेत खोकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते, त्यामुळे घशातील जंतूंनी भरलेला स्राव श्वासनलिकेत उतरतो. तो वर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांची हालचाल दीर्घ मद्यपानाने शिथिल झालेली असते. वायुकोशांत जंतू गिळणाऱ्या भक्षकपेशी असतात. तेथील ग्लुटाथिओन हे संरक्षक द्रव्य घटल्याने त्याही निष्प्रभ होतात. मदतीला येणाऱ्या पांढऱ्या पेशी उशिरा पोहोचतात, आणि तोवर न्यूमोनिया पसरलेला असतो.

क्षयरोगाचे गणित तर घरबसल्या मांडता येते. भारतीय व्हिस्कीत साधारण 42.8 टक्के अल्कोहोल असते. 60 मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे 25.7 मिलिलिटर, म्हणजे वजनाने 20 ग्रॅम अल्कोहोल येते. असे दोन पेग झाले की 40 ग्रॅम भरतात. रोज याहून अधिक पिणाऱ्यांत सक्रिय क्षयरोगाचा धोका सुमारे तिप्पट आढळला आहे. ‘दोनच तर घेतो’ असे सांगणारा माणूस नेमका या सीमेवर उभा असतो.

धूम्रपान, कुपोषण आणि दाटीवाटीची घरे यांचाही यात वाटा आहे, हा आक्षेप रास्त आहे. अशा निरीक्षणांतून दारूचा वाटा पूर्णपणे वेगळा काढता येत नाही. परंतु सारखेच अन्न दिलेल्या प्रयोगशाळेतील प्राण्यांतही मद्यामुळे फुप्फुसांचे संरक्षण ढासळते, तेव्हा सारा दोष गरिबीवर ढकलणे ही पळवाट ठरते.

1959 पासून राष्ट्रीय क्षयरोग संस्था बेंगळुरूतच आहे, आणि व्यसनोपचारासाठी ख्यातनाम असलेली निमहान्सही. तरी सार्वजनिक चर्चेत दारूचा बळी म्हणून अजूनही एकट्या यकृताचेच नाव घेतले जाते. वारंवार न्यूमोनिया होणाऱ्या किंवा क्षयाची औषधे मध्येच सोडणाऱ्या रुग्णाला ‘रोज किती पिता?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला गेला पाहिजे, आणि उत्तर ‘दोन पेग’ असे आले, तर ते ग्रॅममध्ये नोंदवले गेले पाहिजे.