गृहस्थाचा हिशेब : एक भाडें, दोन सवलती

पुण्याच्या एका जुन्या वाचकांनीं आपल्या चिरंजीवांस जून २०२५ मध्यें आलेल्या आयकर खात्याच्या नोटिशीचे कागद आमच्याकडे पाठविले आहेत. सोबत ते लिहितात, "मुलगा घाबरून गेला आहे. 'हिशेब दोन्ही कचेऱ्यांनीं केला, त्यांत माझा दोष काय?' एवढेंच उत्तर द्यावें, असें त्याच्या मित्रांचें म्हणणें आहे. आपलें मत कळवावें." असा प्रसंग इतर घरांतहि येण्याजोगा असल्यामुळें नांव गाळून आम्ही येथेंच उत्तर देत आहों.

चिरंजीव मुंबईस नोकरी करतात व कर जुन्या पद्धतीनें भरतात. २०२३-२४ सालीं एप्रिल ते सप्टेंबर ते एका कचेरींत होते. ऑक्टोबरपासून दुसरीकडे गेले. घर तेंच राहिलें, भाडें दरमहा २५,००० रुपये. पहिल्या कचेरीस त्यांनीं सहा महिन्यांच्या पावत्या दिल्या. दुसऱ्या कचेरीनें "वर्षाच्या पावत्या द्या" म्हणतांच बाराहि महिन्यांच्या दिल्या. मात्र आधींच्या पगाराची माहिती द्यावयाचा तेव्हांचा फॉर्म १२ब भरलाच नाहीं. अशा रीतीनें पहिल्या सहा महिन्यांचें भाडें दोन ठिकाणीं गेलें.

आतां सवलतीचा नियम पाहूं. मिळालेला घरभाडे-भत्ता, दिलेल्या भाड्यांतून मूळ पगाराचा दहावा हिस्सा वजा जातां उरणारी रक्कम, आणि मुंबईसारख्या शहरांत मूळ पगाराचा निम्मा भाग, या तिहींपैकीं जी रक्कम सर्वांत कमी तेवढीच करमुक्त. पहिल्या कचेरींत सहा महिन्यांचा मूळ पगार ३,००,००० व भत्ता १,५०,००० होता. भाडें १,५०,००० मधून ३०,००० वजा होऊन १,२०,००० ची सवलत मिळाली. ती बरोबर आहे. दुसरीकडे मूळ पगार ३,६०,००० व भत्ता १,८०,०००. तेथें भाडें ३,००,००० धरल्यामुळें सबंध भत्ताच करमुक्त झाला. वस्तुतः सहा महिन्यांच्या भाड्यांतून ३६,००० वजा होऊन १,१४,००० च सुटावयास हवे होते. म्हणजे ६६,००० रुपयांची सवलत अधिक घेतली गेली.

ही चूक ओळखण्याची एक सोपी खूण आहे. दोन्ही सवलतींची बेरीज ३,००,००० येते, म्हणजे वर्षाच्या भाड्याइतकीच. पण भाड्यांतून पगाराचा दहावा हिस्सा वजा व्हावयाचाच असल्यानें सवलत पूर्ण भाड्याएवढी कधींच होऊं शकत नाहीं. दोन फॉर्म १६ शेजारीं ठेवून ही बेरीज केली असती, तर विवरणपत्र भरण्यापूर्वींच चूक ध्यानांत आली असती. प्रमाणित वजावटहि दोन्ही कचेऱ्यांनीं दिली होती. परंतु विवरणपत्रांत ती एकदांच धरली जाते, म्हणून ती दुरुस्ती आपोआप झाली. भाड्याची झाली नाहीं.

आतां उत्तराविषयीं. सुधारित विवरणपत्राची मुदत १५ जानेवारी २०२५ रोजीं संपली, आणि त्या वर्षाची तपासणी सुरू झाल्यावर अद्ययावत विवरणपत्रहि भरतां येत नाहीं. कचेरीवर दोष टाकून कांहीं साधणार नाहीं. विवरणपत्रावर सही चिरंजीवांची आहे. घरमालकांकडून वाढीव पावत्या आणण्याचा विचार तर मनांतहि आणूं नये. उत्पन्न कमी दाखविल्याचा दंड बुडालेल्या कराच्या निम्मा असतो. खोटी माहिती दिल्याचें ठरल्यास तोच कराच्या दुप्पट होतो.

म्हणून मुदतींतच लेखी उत्तर द्यावें. त्यांत वरील हिशेब महिनेवार मांडून "पहिल्या सहा महिन्यांचें भाडें दुसऱ्यांदा धरलें गेलें, ६६,००० रुपयांची सवलत मी मागें घेतों" असें स्वच्छ लिहावें. सोबत दोन्ही फॉर्म १६, भाडेकरार, पावत्या व भाडें दिल्याचे बँकेचे उतारे जोडावे. चिरंजीव तीस टक्क्यांच्या पायरींत असल्यानें कर १९,८०० व त्यावर चार टक्के उपकर मिळून २०,५९२ रुपये होतो. दरमहा एक टक्का व्याजानें एप्रिल २०२४ पासून जून २०२५ पर्यंतचे १५ महिन्यांचे सुमारें ३,०७५ रुपये होतात. ही रक्कम भरून चलनाची प्रतहि उत्तरास जोडावी.

एवढ्यानें दंड टळेलच असें वचन आम्ही देत नाहीं. मात्र अधिकाऱ्यांनीं खोटी माहिती दिल्याचा ठपका न ठेवल्यास, आदेशांतील बाकी मुदतींत भरून व अपील न करतां, आदेश मिळाला तो महिना संपल्यापासून एक महिन्याच्या आंत दंडमाफीचा अर्ज करतां येतो. ती तारीख वडिलांनींच दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. घाबरलेल्या माणसाच्या हातून अशाच तारखा निसटतात.