मुलाखतीआधीचे आठ तास

महाविद्यालयीन शिक्षकांच्या निवड समित्यांचे अध्यक्ष व सदस्य, प्राचार्य आणि संस्थाचालक यांस,



मी भूगोलाचा निवृत्त प्राध्यापक. विषयतज्ज्ञ म्हणून तुमच्या दाराच्या आतल्या बाजूला अनेकदा बसलोय. आज बाहेरच्या बाजूची एक गोष्ट सांगायची आहे. गोष्ट रचलेली आहे, त्यात कुणाचं नाव शोधू नका. पण तीत जे घडतं ते तुमच्या व्हरांड्यात घडत नाही, असं छातीठोकपणे सांगणारा प्राचार्य मला तरी अजून भेटायचा आहे.

दोन-तीन वर्षांपूर्वीचा काळ धरा. तालुक्याच्या गावचं अनुदानित महाविद्यालय, भूगोलाची एक जागा, खुल्या प्रवर्गातली. मुलाखतपत्रात लिहिलेलं : सकाळी 10 वाजता मूळ कागदपत्रांसह उपस्थित राहावे. उमेदवार तेवीस. एक मॅडम सांगोल्याहून रात्रीच्या एसटीनं आलेल्या, एक सर गडहिंग्लजहून. ओळख नाही, पाळख नाही. जिन्याखालच्या बाकावर शेजारी जागा मिळाली एवढंच. दोघंही सीएचबीवाले, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणारे. म्हणून पहिल्या वाक्यापासून 'सर' आणि 'मॅडम'.

अकरापर्यंत क्लार्कनं कागदपत्रं तपासली. मग काहीच नाही. साडेअकराला मॅडमनी पिशवीतून फ्लास्क काढला. अर्ध्या लिटरचा, पहाटे स्टँडबाहेरच्या टपरीवर भरून घेतलेला, आलं घातलेला चहा. झाकणात ओतून त्यांनी तो सरांपुढे केला.

"घ्या सर."

"आधी तुम्ही घ्या, मॅडम."

"मी नाही घेत. बाथरूमला कुलूप आहे. किल्ली शिपाईमामांकडे, आणि मामा समितीच्या नाष्ट्याला गेलेत."

इथं जरा थांबतो. पाच तास एसटीत, मग दिवसभर बाकावर, आणि बाई पाणीसुद्धा घोट-घोट पितात, कारण किल्ली कुणाकडे मागायची हे कळत नाही. पुरुष उमेदवार मागच्या भिंतीकडे जाऊन येतात, त्यामुळे ही अडचण कुणाच्या कानावरच जात नाही. जाहिरातीचा खर्च, प्रवासभत्ता, मानधन, जेवणाचा बेत सगळं तुमच्या फायलीत असतं. ही किल्ली कुठेच नसते.

सरांनी चहा घेतला. हाताला बारीक कंप होता, झाकण दोन्ही हातांनी धरलं. मग वेळ घालवायला म्हणून दोघांनी एकमेकांच्या फायली उघडल्या आणि गुण मांडायला बसले. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत महाविद्यालयांसाठी जो तक्ता आहे, तो या लोकांना पाढ्यासारखा पाठ असतो. पदवीला साठ ते ऐंशी टक्के असतील तर 19. पदव्युत्तरला साठ ते ऐंशीमध्ये 23, पंचावन्न ते साठमध्ये 20. पीएचडी 25. नेट 8, सेट 5. शोधनिबंधाला 2, पण जास्तीत जास्त 6. शिकवल्याच्या वर्षाला 2, जास्तीत जास्त 10.

मॅडमचे : बी.ए. 19, एम.ए. 23, पीएचडी 25, सेट 5, निबंधांचे 6, आणि नऊ वर्षं शिकवल्याचे 10. पाच वर्षांनंतरची चार वर्षं तक्त्याच्या हिशेबी शून्य. एकूण 88.

सरांचे : 19, एम.ए.ला एकोणसाठ टक्के म्हणून 20, नेट 8, दोन निबंधांचे 4, तीन वर्षांचे 6. एकूण 57.

"सीएचबीचा अनुभव धरतात ना पण?" सरांनी विचारलं.

"धरला तर धरला. इथं कोण यादी लावतंय?"

सरांनी वही मिटली. "मॅडम, तुम्ही माझ्यापेक्षा एकतीस गुणांनी पुढे आहात. मी आलोच कशाला?"

"त्या दारापर्यंत पुढे," मॅडम म्हणाल्या. "आत गेलं की दोघंही शून्यावर."

बाई बरोबर बोलत होत्या. त्या नियमावलीप्रमाणे हे गुण फक्त मुलाखतीला कुणाला बोलवायचं हे ठरवण्यापुरते. निवड मात्र केवळ मुलाखतीतल्या कामगिरीवर. त्यामागचा विचार मला कळतो. कागदावर 88 असलेला माणूस वर्गात मुलांकडे पाठ करून शिकवू शकतो, आणि 57 वाला वर्ग बांधून ठेवू शकतो. पण मग त्या मुलाखतीवर केवढा भार पडतो, याचा विचार नियम करणाऱ्यांनी तुमच्यावर सोडला आहे. आणि तुम्ही काय करता ते आता पाहू.

साडेबारापर्यंत समिती जमली नव्हती. याचं कारण मला आतून माहीत आहे. गणपूर्तीला पाच सदस्य लागतात आणि त्यांत बाहेरचे निदान दोन विषयतज्ज्ञ हवेत. दुसऱ्या तज्ज्ञाची गाडी दोन जिल्हे ओलांडून येते. ती आल्याशिवाय सुरुवात करता येत नाही, केली तर ती निवड टिकत नाही. इथपर्यंत कुणाचा दोष नाही. पण तज्ज्ञ साडेबाराच्या आधी पोचणार नाहीत हे प्राचार्यांना आदल्या रात्री फोनवर कळलेलं असतं. तेवीस जणांना तसा एक मेसेज गेला असता, तर सांगोल्याच्या बाईंना रात्रीऐवजी पहाटेची गाडी धरता आली असती.

मग जेवण. मुलाखती दोनला सुरू झाल्या आणि सहाला संपल्या. चार तास, तेवीस माणसं : येण्याजाण्यासकट माणशी दहा मिनिटं. ज्या दहा मिनिटांवर एवढ्या वर्षांची वर्गातली मेहनत आणि 57,700 रुपये मूळ वेतनाची नोकरी अवलंबून, त्यांच्या आधी शेवटच्या उमेदवाराला जवळपास आठ तासांची रखडपट्टी. बाकावरचे लोक घड्याळ लावूनच बसलेले असतात. कोण किती वेळ आत होतं, यावरून ते निकाल बांधतात. पहिला चार मिनिटांत बाहेर आला. दुसरा तीन. सातव्याला एकोणीस मिनिटं लागली आणि व्हरांड्यात कुजबुज सुरू झाली. सातवा तीनच्या सुमारास हातात फाईल न घेता आला होता, आणि क्लार्कनं त्याला एकेरीत हाक मारली होती.

"आकडा किती असेल हो?" मागून कुणीतरी म्हणालं.

त्या आकड्याबद्दल मी इथं लिहिणार नाही. माझ्याकडे पुरावा नाही, आणि कदाचित तो मुलगा खरंच हुशार असेल, मुलाखत रंगली असेल. पण तुम्ही यादी लावत नाही, क्रम सांगत नाही, वेळ सांगत नाही, तेव्हा बाहेर बसलेल्याला आकड्याखेरीज दुसरं कारण उरतच नाही. ज्या संस्था स्वच्छ आहेत, त्यांनी तरी ही बदनामी फुकट का ओढवून घ्यावी?

चारला मामा दिसले, किल्ली मिळाली. परत आल्यावर मॅडमनी फ्लास्क उघडला. अर्धा रिकामा आणि तीन-चारदा उघडलेला फ्लास्क, चहा कोमटच. तरी त्यांनी झाकणभर घेतला, उरलेला सरांच्या स्टीलच्या पेल्यात ओतला. सर त्यांना म्हणाले, "तुमचं एकदा म्हणून दाखवा ना, प्रबंधाचं. मी समितीवाला बनतो." आपल्याच स्पर्धकाची उजळणी घेणारा माणूस तुम्हाला आत बसून दिसत नाही. दिसला असता, तर तिथल्या तिथं कळलं असतं की हा वर्गात कसा असेल.

साडेचारला मॅडमचं नाव पुकारलं. प्रबंध सांगोला तालुक्यातल्या शेततळ्यांवर आणि डाळिंबबागांवर. एका तज्ज्ञांनी फार चांगला प्रश्न विचारला : तळ्यातून उडून जाणारं पाणी कसं मोजलंत? मॅडम खुलल्या. बाष्पीभवन पात्रातलं पाणी रोज किती उतरतं ते मोजलं, पण पात्र लहान आणि चारी बाजूंनी तापणारं, म्हणून तो आकडा तळ्याला जसाच्या तसा लावता येत नाही, साधारण 0.7 नं गुणावा लागतो, आणि आमच्याकडे एप्रिलात...

"ते ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले. "सासर कुठलं? मिस्टर काय करतात? इथं राहायला याल का?"

सहा मिनिटांत त्या बाहेर. एप्रिलात काय होतं ते समितीला कळलंच नाही. सरांची पाळी साडेपाचला आली. कोपेनच्या वर्गीकरणात सोलापूर कुठं बसतं, असं विचारलं. उष्ण निमशुष्क, त्यांनी सांगितलं. पुढचा प्रश्न आडनावावरून गाव आणि गावावरून जात काढणारा होता.

नियमावली म्हणते, निवडीची सारी प्रक्रिया बैठकीच्या त्याच किंवा शेवटच्या दिवशी पुरी व्हावी, गुणपत्रक आणि शिफारस इतिवृत्तात नोंदवून सगळ्या सदस्यांच्या सह्या व्हाव्यात. म्हणजे सहानंतर निकाल कागदावर तयार असतो. त्या दोघांना तो कुणी कळवला नाही. दोन महिन्यांनी सरांना व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाच्या तरी अभिनंदनाचा फोटो दिसला. त्यांनी मॅडमना फोन लावला, "कळलं का?" मॅडम म्हणाल्या, "कळलं. पुढच्या आठवड्यात दुसरीकडे एक आहे. येताय का?"

माझं मागणं खर्चाचं नाही. तेवीस जणांना एकाच वेळी बोलावू नका. बारा जणांना सकाळची, अकरा जणांना दुपारची वेळ द्या, आणि तज्ज्ञांना उशीर होणार असेल तर मेसेज करा. छाननीचे गुण नावांसकट आदल्या दिवशी फलकावर लावा, म्हणजे ज्याचे चुकले तो हरकत घेईल आणि ज्याचे बरोबर आहेत तो निदान आपण कुठं उभे आहोत हे जाणून आत येईल. प्रत्येकाला किमान पंधरा मिनिटं द्या, त्यातली दहा विषयतज्ज्ञांची, आणि तेवढ्यात अध्यक्षांनी मधे बोलू नये. चार तासांत तेवीस माणसं बसत नसतील तर दोन दिवस घ्या, नियम त्याला आडवा येत नाही. सासर, आडनाव, घरची परवानगी हे प्रश्न विचारलेच तर तज्ज्ञांनी आपल्या अभिप्रायात तशी नोंद करावी. सही त्यांचीही असते. निकाल सह्या झाल्यावर दारावर लावा, पुढं विद्यापीठाची मान्यता बाकी आहे असं खाली लिहा हवं तर.

आणि मुलाखतपत्रावर एक ओळ वाढवा : महिला उमेदवारांसाठी स्वच्छतागृह अमुक ठिकाणी, दिवसभर उघडं.

आपला,
एक निवृत्त भूगोल प्राध्यापक